आतड्याच्या ऑपरेशननंतर ‘गॅस झालाय’ म्हणून थांबू नका

सोलापुरात सर्जरी वॉर्डात नर्स म्हणून काम करताना मी सर्वात जास्त घाबरते ती एका वाक्याला: ‘सिस्टर, काही नाही, गॅस धरलाय.’ आतड्याचा तुकडा काढून दोन टोके शिवली असतील, तर पाचव्या-सहाव्या दिवशीचा हा ‘गॅस’ कधी कधी टाक्यातून होणारी गळती असते.

मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी होते, वय पंचावन्नच्या आसपास. मोठ्या आतड्याची गाठ काढली होती. पाचव्या दिवशी चांगले चालत घरी गेले. सहाव्या रात्री पोट ताठ झाले, उचक्या लागल्या, जेवणावरची वासना गेली. घरच्यांनी ओवा दिला, पोटाला शेक दिला. ताप नव्हता, म्हणून सगळे निश्चिंत. पण दुखण्यासाठी दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल चालू होती आणि ती ताप झाकते, हे कुणाच्या लक्षात आले नाही. सकाळी आले तेव्हा थर्मामीटर ९९ दाखवत होता आणि नाडी ११८. सीटी स्कॅनमध्ये गळती दिसली. पुन्हा पोट उघडून धुवावे लागले, काही महिन्यांसाठी पोटावर शौचाची पिशवी आली. वाचले, पण ती रात्र वाया गेली नसती तर त्रास कमी झाला असता.

म्हणून ताप पाहायचाच, पण त्याआधी नाडी मोजा. पेशंटला दहा मिनिटे पडून राहू द्या, मनगटावर दोन बोटे ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. आराम करूनही नाडी १००च्या वर राहिली, तर तेवढ्यावरच डॉक्टरांना फोन करा. बीपीची काही औषधे नाडी वाढूच देत नाहीत, तेव्हा आकडा बरा दिसला तरी माणसाकडे बघा. काल खोलीत फेऱ्या मारणारा माणूस आज उठायलाच नको म्हणतो, धाप लागते, लघवी कमी झाली, खांदा दुखतो, कमी होत आलेले पोटदुखणे पुन्हा वाढले: यातले काहीही झाले तरी थांबू नका. सोबत पोट फुगून उलट्या होत असतील तर फोनचीही वाट पाहू नका, थेट निघा. ड्रेनची नळी ठेवून घरी सोडले असेल तर तिच्यातले पाणी रोज उजेडात धरून पाहा. फिकट तांबूस पाणी चालते. हिरवट, गढूळ किंवा शौचासारखा वास आला तर लगेच हॉस्पिटल.

हे नेमके याच दिवसांत का होते? शिवल्यानंतर पहिले काही दिवस टाक्याजवळचे जुने तंतू विरघळतात आणि नवे अजून तयार व्हायचे असतात, त्यामुळे तेव्हा जोड सर्वात कच्चा असतो. तिथला रक्तपुरवठा कमी पडला, जोडावर ताण आला, पेशंट विडी-सिगारेट ओढणारा असला किंवा अंगात प्रथिने कमी असली, तर धोका वाढतो. त्या शेतकऱ्याची बायको सुनेला दोष देत होती, ‘तू भात दिलास म्हणून झालं.’ तसे नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेले मऊ अन्न दिल्याने जोड उसवत नाही.

उलट भीतीने उपाशी ठेवणे हीच मोठी चूक. जखम भरायला अन्न लागते. आधी पाण्याचे घोट, मग नारळपाणी, वरणाचे पाणी, मग पातळ ताक आणि दूध, मग मऊ भात-मूगवरण, दही, सोललेला शिजवलेला दुधी, चालत असेल तर उकडलेले अंडे. एका वेळी अर्धी वाटी, दिवसातून सहा वेळा. मळमळ झाली किंवा पोट तडतडले तर तोंडातून देणे थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. ओवा-सोड्यावर वेळ घालवू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी, हुरडा हे साधारण चार ते सहा आठवडे लांब ठेवा. आमच्याकडे हा सल्ला पाळणे जड जाते, हे मला माहीत आहे. मालदांडीच्या भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही. पण पहिली भाकरी दुधात कुस्करून, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

जखमेला हळद, तेल, पावडर लावू नका. ती स्वच्छ आणि कोरडी ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पट्टीखाली घाम साचतो, तेव्हा ओली झालेली पट्टी बदलाच. टाक्यांभोवती बारीक गुलाबी कड असली तर घाबरू नका. लाली पसरत गेली, पू आला तर दाखवा. आणि अचानक पट्टी भिजेल इतके गुलाबी पाणी आले, तर आतले टाके सुटत असू शकतात. पेशंटला गुडघे वाकवून झोपवा, जखमेवर स्वच्छ ओले कापड ठेवा. आतडे बाहेर दिसले तरी आत ढकलू नका, १०८ला फोन करा. नळाला पाणी आले की घागर उचलायची सवय असते. सहा आठवडे ती दुसऱ्या कुणीतरी उचलावी.

हॉस्पिटलला निघताना तोंडातून काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, कारण तातडीने भूल द्यावी लागू शकते. डिस्चार्ज कार्ड आणि नाडीची वही सोबत घ्या, आणि दारातच सांगा: ‘आतडे जोडलेले आहे, आज सहावा दिवस आहे.’