प्रवाहाचा वेग 100 आला? नावेच्या गणितातल्या या चुका टाळा

संथ पाण्यात एका नावेचा वेग ताशी 20 किमी आहे. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने 32 किमी जाण्यास तिला, तेच अंतर प्रवाहाच्या दिशेने जाण्यापेक्षा 40 मिनिटे जास्त लागतात. तर प्रवाहाचा वेग काढा.

या एका गणिताची चार चुकीची उत्तरं मला वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतात: 100, 20, 19.2 आणि 2.46. पूर्वी मी त्यांवर फुली मारून पुढे जायचो. मग लक्षात आलं की यातलं प्रत्येक उत्तर एका ठरावीक पायरीवरच्या ठरावीक चुकीतून येतं. म्हणजे उत्तर बघूनच चूक कुठे झाली ते सांगता येतं. ते कसं, हेच इथे लिहितो आहे.

आधी बरोबर रीत पाहू. प्रवाहाचा वेग ताशी x किमी मानू. विरुद्ध दिशेने जाताना प्रवाह नावेला मागे ओढतो, म्हणून वेग 20 − x. प्रवाहाच्या दिशेने वेग 20 + x. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, आणि 40 मिनिटं म्हणजे 2/3 तास.

32/(20 − x) − 32/(20 + x) = 2/3

तिन्ही छेदांचा लसावि 3(20 − x)(20 + x). त्याने दोन्ही बाजूंना गुणलं की

96(20 + x) − 96(20 − x) = 2(400 − x²)

192x = 800 − 2x²

x² + 96x − 400 = 0

(x + 100)(x − 4) = 0

x = 4 किंवा x = −100. वेग ऋण नसतो, म्हणून प्रवाहाचा वेग ताशी 4 किमी. पडताळा घेऊ: विरुद्ध दिशेने 32/16 म्हणजे 2 तास, प्रवाहाबरोबर 32/24 म्हणजे 1 तास 20 मिनिटं. फरक 40 मिनिटं.

उत्तर 100 आलं तर

वजाबाकीत दोन वेळांची अदलाबदल झाली आहे. "40 मिनिटे जास्त" हे शब्द वाचले जातात, पण कोणाला जास्त हे पाहिलं जात नाही. प्रवाहाच्या दिशेने जाण्याचा वेळ आधी लिहिला, की समीकरण होतं

32/(20 + x) − 32/(20 − x) = 2/3

आणि ते सोडवल्यावर येतं x² − 96x − 400 = 0, म्हणजे x = 100 किंवा x = −4. विद्यार्थी सवयीने ऋण मूळ खोडतो आणि 100 वर चौकट करतो. खरं उत्तर त्याने नुकतंच खोडलेलं असतं, फक्त चिन्ह उलटं होतं.

ही चूक पडताळ्यातूनही निसटू शकते. आपल्याच समीकरणात 100 ठेवून बघा. पहिलं पद 32/120 तास, म्हणजे 16 मिनिटं. दुसरं पद 32/(−80) तास, म्हणजे उणे 24 मिनिटं. सोळातून उणे चोवीस वजा केले की 40. समीकरणाचं समाधान झालं! पण उणे 24 मिनिटांत कोणती नाव 32 किमी जाते? समीकरणाला नावेची माहिती नसते, आपण मांडलेलं ते निमूटपणे पाळतं. म्हणून पडताळा समीकरणात घेऊ नका, गणिताच्या वाक्यात घ्या. आधी दोन्ही वेग काढा, मग दोन्ही वेळा काढा, आणि मग दिलेल्या वाक्याशी जुळवा.

ही अदलाबदल टाळायला मी मुलांना एकच गोष्ट करायला लावतो. समीकरण लिहिण्याआधी दोन अपूर्णांक नुसते शेजारी मांडायचे आणि त्यातला मोठा कोणता ते ठरवायचं. अंश दोन्हीकडे 32 आहे. ज्याचा छेद लहान, तो अपूर्णांक मोठा. 20 − x लहान आहे, म्हणून विरुद्ध दिशेचा वेळ मोठा आणि तोच आधी. हे नदीचा विचार न करता नुसत्या अपूर्णांकांवरून ठरतं, आणि नदीच्या विचाराशी जुळतंही.

शिवाय प्रवाहाचा वेग 0 आणि 20 यांच्या मध्येच असला पाहिजे, ही अट कागदाच्या कोपऱ्यात सुरुवातीलाच लिहून ठेवा. प्रवाह ताशी 20 किमी असेल तर विरुद्ध दिशेने निघालेली नाव जागेवरच राहील. त्याहून जास्त असेल तर मागे वाहत जाईल. "वेग ऋण नसतो" एवढीच अट पाठ असणाऱ्याला 100 खटकत नाही. दोन्ही बाजूंची अट लिहिलेल्याला ते लगेच खटकतं.

उत्तर 20 आलं तर

इथे वेळा बरोबर मांडलेल्या असतात, कंस सोडवताना घात होतो. 96(20 + x) − 96(20 − x) ही पायरी हळू वाचा. दुसऱ्या कंसाआधी वजा आहे, आणि कंसाच्या आतही वजा आहे. घाईत ती अशी सोडवली जाते:

1920 + 96x − 1920 − 96x

सगळंच उडालं! डावीकडे शून्य उरलं, म्हणून 800 − 2x² = 0, म्हणून x = 20. शेवटचं पद खरं तर + 96x हवं होतं.

20 हे उत्तर तसं आपणच आपली चूक सांगतं, कारण ते मूळ समीकरणात ठेवलं तर पहिला छेद 20 − 20, म्हणजे शून्य होतो. शून्याने भागाकार होत नाही, त्यामुळे ही किंमत x ला कधीच घेता येत नाही. छेदात चल असलेल्या समीकरणाला लसाविने गुणल्यावर छेद दिसेनासे होतात, आणि त्यांच्याबरोबर ही मनाईसुद्धा नजरेआड होते. म्हणून ती आधीच लिहून ठेवायची.

आता −100 कडे परत वळू. ते का सोडलं? बऱ्याच वह्यांत कारण लिहिलेलं असतं, "ते समीकरणाचं समाधान करत नाही." हे चूक आहे. −100 ने एकही छेद शून्य होत नाही आणि समीकरणाचं समाधानही होतं: 16 मिनिटं वजा उणे 24 मिनिटं, पुन्हा 40. ते मूळ अगदी अस्सल आहे. नदीच्या संदर्भात त्याला अर्थ नाही, म्हणून आपण ते सोडतो. 20 समीकरणातच बसत नाही आणि −100 गोष्टीत बसत नाही. ही दोन कारणं वेगळी आहेत, आणि उत्तरात योग्य ते कारण लिहिलं पाहिजे.

यातूनच एक हाताशी ठेवण्यासारखी खूण मिळते. दोन वेळांचा फरक दिलेल्या अशा कोणत्याही गणितात, अंतर d, नावेचा वेग b आणि फरक t धरला तर वर्गसमीकरण नेहमी tx² + 2dx − tb² = 0 असं येतं. म्हणजे दोन मुळांचा गुणाकार −b². आपल्याकडे 4 × (−100) = −400, आणि 20 चा वर्ग 400. तुमच्या मुळांचा गुणाकार असा आला नाही, तर कंस किंवा गुणाकार पुन्हा तपासा. अदलाबदलीची चूक मात्र ही खूण पकडत नाही, कारण 100 × (−4) सुद्धा −400 च आहे. आणि पुढची चूकही तिच्या हाती लागत नाही.

उत्तर 19.2 किंवा 2.46 आलं तर

मिनिटांचे तास करताना गडबड झाली आहे. उजव्या बाजूला 2/3 ऐवजी थेट 40 लिहिलं, की समीकरण 5x² + 8x − 2000 = 0 होतं आणि x सुमारे 19.2 येतो. प्रवाह जवळजवळ नावेइतकाच वेगवान! हे उत्तर 0 आणि 20 च्या मध्ये बसतं, म्हणून अटीतून सुटतं. पण विरुद्ध दिशेचा वेग काढून बघा: ताशी 0.8 किमीहूनही कमी. 32 किमी जायला नावेला सुमारे 41 तास लागतील. आपण 40 तासांचा फरक मागितला होता, तो समीकरणाने इमानाने दिला.

2.46 जास्त फसवं आहे. ते 40 मिनिटं म्हणजे 0.40 तास धरल्याने येतं. समीकरण x² + 160x − 400 = 0 होतं आणि उत्तर नदीच्या वेगासारखंच वाटतं. कुठलीच अट ते अडवत नाही. पकडतो तो फक्त वाक्यातला पडताळा: विरुद्ध दिशेने 32/17.54, म्हणजे सुमारे 1.82 तास, आणि प्रवाहाबरोबर 32/22.46, म्हणजे सुमारे 1.42 तास. फरक 0.40 तास, म्हणजे 24 मिनिटं. गणितात 40 आहेत. मिनिटांना 60 ने भागून अपूर्णांक तसाच ठेवा, दशांशात जाऊच नका. 40/60 म्हणजे 2/3. त्यातला 3 लसावित सामावला जातो आणि आकडे स्वच्छ राहतात.

एकूण वेळ दिला असेल तर

हेच गणित असंही विचारतात: नाव 32 किमी विरुद्ध दिशेने जाऊन परत आली आणि एकूण 3 तास 20 मिनिटं लागली. आता दोन वेळांची बेरीज होते.

32/(20 − x) + 32/(20 + x) = 10/3

फरकाच्या गणितात 1920 उडाले होते आणि x उरला होता. इथे x उडतो आणि संख्या उरते: 1280/(400 − x²) = 10/3, म्हणून 400 − x² = 384, x² = 16. मधलं पद नाही, मुळं 4 आणि −4. बेरजेच्या गणितात x चं पद शिल्लक राहिलं, किंवा फरकाच्या गणितात ते नाहीसं झालं, तर कंसात चूक आहे.

काही जण इथे समीकरणच मांडत नाहीत. जाताना जेवढं नुकसान तेवढाच येताना फायदा, म्हणून प्रवाहाचा परिणाम शून्य, असं ते म्हणतात. तसं असतं तर 64 किमीला ताशी 20 ने 3 तास 12 मिनिटं लागली असती. प्रत्यक्षात 8 मिनिटं जास्त लागली, कारण नाव कमी वेगाने जास्त वेळ चालते आणि जास्त वेगाने कमी वेळ. वेगातली वजाबाकी आणि बेरीज सारखी असली तरी वेळातली सारखी नसते. आपण x शोधू शकतो ते या 8 मिनिटांमुळेच.

बेरजेच्या गणितात आणखी एक गोष्ट लपून राहते. कोणी 20 − x आणि 20 + x यांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते आणि x = 4 च येतो. मग पुढचा उपप्रश्न येतो, "जाताना किती वेळ लागला?" आणि वहीत 1 तास 20 मिनिटं लिहिली जातात. नाव प्रवाहाविरुद्ध गेली होती, तिला 2 तास लागले. एकूण वेळ जुळला तरी कोणता वेग कोणत्या दिशेचा, हे पहिल्याच ओळीत शब्दांत लिहिलेलं असू द्या.