घटनादुरुस्तीची आठ व्याख्याने आणि घरी सोडवायचा ओपन-बुक पेपर: वाचनाचा आराखडा करताना या चुका टाळा

समजा, संविधान या विषयात ‘घटनादुरुस्तीचा अधिकार आणि मूलभूत संरचना’ यावर दीड-दीड तासाची आठ व्याख्याने झाली आहेत, एका व्याख्यानाला एक निकाल: शंकरी प्रसाद (१९५१), सज्जन सिंग (१९६५), गोलकनाथ (१९६७), केशवानंद भारती (१९७३), इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण (१९७५), मिनर्व्हा मिल्स (१९८०), वामन राव (१९८१) आणि कोएल्हो (२००७). पेपर घरी सोडवायचा आहे, पुस्तके उघडी ठेवून, चोवीस तासांत. एलएलबीच्या मुलांबरोबर ही तयारी मी बऱ्याचदा केली आहे. मुले वाचतात भरपूर. फसतात ती वाचनाच्या मांडणीत.

व्याख्यानांचा क्रम हाच वाचनाचा क्रम धरणे

व्याख्याने सालवारीने जातात, प्रश्न मात्र सालवारीने येत नाहीत. न्या. खन्ना यांचेच उदाहरण घ्या. केशवानंद निकालात सात विरुद्ध सहा असे बहुमत झाले ते त्यांच्या मतामुळे. मालमत्तेचा हक्क मूलभूत संरचनेत येत नाही, असे त्यांनी तिथे म्हटले आणि त्यावरून ‘खन्नांच्या मते कोणताच मूलभूत हक्क संरचनेत नाही’ असा अर्थ काहींनी काढला. आपण तसे म्हटलेले नाही, हा खुलासा त्यांनी स्वतः १९७५ च्या निवडणूक खटल्यात केला. चौथे व्याख्यान सोमवारी आणि पाचवे गुरुवारी वाचून दोन्हींच्या वेगळ्या वह्या केल्या, तर हा दुवा हातातून निसटतो. परीक्षकाला नेमका तोच विचारावासा वाटतो.

म्हणून पहिली फेरी फक्त टिपणांची करा. एका व्याख्यानाला वीस मिनिटे, घड्याळ लावून. पुस्तक उघडायचे नाही. व्याख्यानाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, तो प्रश्न टिपणाच्या माथ्यावर एका वाक्यात लिहायचा. आठ व्याख्यानांचे दोन तास चाळीस मिनिटे होतात. मग दिसते की प्रश्न आठ नाहीत, तीनच आहेत: संसद मूलभूत हक्कांना हात लावू शकते का? तिच्यावरची मर्यादा कोणती आणि ती कोणी, कशी ठरवली? नवव्या अनुसूचीत टाकलेला कायदा न्यायालयाला तपासता येतो का? पुढचे सगळे वाचन या तीन प्रश्नांखाली लावायचे. वीस मिनिटांत एखाद्या व्याख्यानाचा प्रश्न लिहिता आला नाही, तर ते व्याख्यान समजलेले नाही, असे समजा आणि तेवढेच पुन्हा ऐका.

केशवानंद पहिल्या पानापासून सुरू करणे

तेरा न्यायमूर्ती, अकरा स्वतंत्र निकालपत्रे, सातशेच्या आसपास पाने. पहिल्या पानावरून निघालेला विद्यार्थी तिसऱ्या दिवशी सरन्यायाधीश सिक्री यांच्याच निकालपत्रात असतो आणि खन्नांपर्यंत पोचत नाही. दुसरी फेरी उलटी करा: पंचेचाळीस मिनिटांची एक बैठक, प्रत्येक निकालपत्राचा फक्त शेवटचा, निष्कर्षांचा भाग. तिसऱ्या फेरीत तेवढ्याच वेळाच्या दोन बैठका खन्नांच्या युक्तिवादाला आणि एक सिक्रींनी दिलेल्या संरचनेच्या यादीला. बाकीची निकालपत्रे प्रश्नाने मागितली तरच उघडायची.

इथे एक जागा खास जपा. निकालाला ‘बहुमताचे मत’ म्हणून एक सारांश जोडलेला आहे. तो छोटा आहे, सोपा आहे आणि व्याख्यानाच्या स्लाइडवर बहुधा तोच असतो. त्यावर नऊ न्यायमूर्तींच्या सह्या आहेत, चौघांनी सही केली नाही. त्यामुळे ‘निकाल नऊ विरुद्ध चार असा लागला’ हे वाक्य दरवर्षी कुणाच्या तरी उत्तरात सापडते. सह्या करणाऱ्यांत पालेकर आणि चंद्रचूड होते, पण मूलभूत संरचनेच्या मुद्द्यावर ते दोघे अल्पमतात होते. सारांशाच्या पानावर खूण जरूर करा, पण तिच्यावर लिहा: ‘सह्या ९, बहुमत ७, आधार खन्नांच्या निष्कर्षांचा द्यायचा.’

पान क्रमांक लिहिणे

हा निकाल एआयआर १९७३ एससी १४६१ असाही मिळतो आणि (१९७३) ४ एससीसी २२५ असाही. पाने वेगळी, परिच्छेदांचे क्रमांकही वेगळे. व्याख्यात्याने सांगितलेला परिच्छेद एससीसीचा आणि तुमच्याकडची पीडीएफ एआयआरची असेल, तर खूण भलत्याच जागी पडते आणि ते कळते पेपरच्या रात्री. लक्षण सोपे आहे: सांगितलेल्या परिच्छेदात सांगितलेला मुद्दा दिसत नाही. सुरुवातीलाच एक प्रत ठरवा आणि प्रत्येक खुणेवर न्यायमूर्तींचे नाव, परिच्छेद क्रमांक आणि त्या परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहा. पीडीएफमध्ये ते चार शब्द शोधले की कोणत्याही प्रतीत जागा सापडते. जुन्या पानांचे नुसते फोटो असलेल्या पीडीएफमध्ये शोध चालत नाही, एवढे आधी तपासून घ्या.

खुणेवर निकालाचे नाव लिहिणे

ही चूक मला सगळ्यांत महाग वाटते. ‘कोएल्हो, महत्त्वाचे’ अशी चिठ्ठी लावली की ऐन वेळी तो निकाल पुन्हा वाचावा लागतो. एका सरावाच्या प्रश्नावरून सांगतो. एका राज्याचा १९६८ चा जमीनधारणा कायदा १९७२ साली नवव्या अनुसूचीत गेला. त्याच कायद्यातली नवी दुरुस्ती १९८४ साली तिथे गेली. दोन्हींना आज आव्हान दिले, तर काय?

ज्या विद्यार्थिनीने हा प्रश्न सोडवला, तिच्या पुस्तकाला साठ-सत्तर चिठ्ठ्या होत्या. तिने आधी कोएल्हो उघडला, मग मिनर्व्हा मिल्स, मग पुन्हा कोएल्हो. चाळीस मिनिटे गेली आणि उत्तर आले: ‘कायदा १९७३ पूर्वीचा, म्हणून सगळे सुरक्षित.’ खरे तर कायद्याचे साल नव्हे, अनुसूचीत जाण्याची तारीख बघायची. वामन राव निकालाने २४ एप्रिल १९७३, म्हणजे केशवानंदचा दिवस, ही रेघ ओढली. त्याआधी अनुसूचीत गेलेला कायदा सुरक्षित; नंतर गेलेली दुरुस्ती संरचनेच्या कसोटीवर तपासता येते. ती कशी तपासायची, मूलभूत हक्कांवरचा परिणाम कसा बघायचा, हे कोएल्होत नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले.

आम्ही तिच्या चिठ्ठ्या काढून पंधरावर आणल्या, तीन प्रश्नांना तीन रंग. वामन रावच्या चिठ्ठीवर आले: ‘अनुसूचीत कधी गेला? २४-४-१९७३ आधी की नंतर?’ कोएल्होच्या चिठ्ठीवर: ‘नंतर गेला असेल, तर परिणाम कसा तपासायचा?’ आणि खाली बाण, ‘आधी वामन राव बघ’. चिठ्ठीवर प्रश्न असला की बोट थेट उत्तराच्या परिच्छेदावर जाते.

शोधण्याचा सराव न करणे

चौथी फेरी वाचनाची नाही. पेपरच्या दोन दिवस आधी कुणाला तरी दहा छोटे प्रश्न विचारायला सांगा: दुरुस्तीवर कोणतीच मर्यादा नाही, असे सांगणारी अनुच्छेद ३६८ मधली पोटकलमे मिनर्व्हा मिल्सने रद्द केली, ती कुठे? पंचविसाव्या घटनादुरुस्तीतला कोणता भाग केशवानंदमध्ये पडला? प्रत्येकाला एक मिनिट, तेवढ्यात परिच्छेदावर बोट. जिथे मिनिट ओलांडले, तिथला निकाल पुन्हा वाचत बसू नका. त्या चिठ्ठीवरचा मजकूर बदला आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारायला सांगा. दुसऱ्यांदाही सापडले नाही, तर चिठ्ठी चुकीच्या परिच्छेदावर आहे. तेव्हा मात्र त्या परिच्छेदाच्या मागची-पुढची दोन-दोन पाने वाचा.