बीटचा रंग पाण्यात कधी उतरतो? तापमान, अल्कोहोल आणि कलरिमीटरचा प्रयोग

बीटची चकती गार पाण्यात ठेवली तर पाणी जेमतेम गुलाबी होते. तीच चकती कढत पाण्यातून काढून गार पाण्यात ठेवली तर पाणी लालभडक होते. बीटचे लाल रंगद्रव्य, म्हणजे बीटासायनिन, पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, साठलेले असते. ते पाण्यात सहज विरघळते, पण बाहेर येण्यासाठी त्याला आधी रिक्तिकेचे पटल आणि मग पेशीचे प्रद्रव्यपटल ओलांडावे लागते. दोन्ही पटले शाबूत असली की रंग आत राहतो. म्हणून बाहेर किती रंग आला हे मोजले की पटले किती बिघडली याचा अंदाज येतो.

एकाच ताज्या, कच्च्या बीटमधून ५ मिलिमीटर व्यासाच्या कॉर्क बोररने दांड्या काढा आणि धारदार ब्लेडने २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या पाडा. जाडी सारखी हवी, कारण रंग चकतीच्या पृष्ठभागातून बाहेर पडतो. वेगवेगळ्या बीटमध्ये रंग कमीजास्त असतो, त्यामुळे बीट मध्येच बदलू नका.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. चिरताना ब्लेडखाली आलेल्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग तापमानाशी काहीही संबंध नसताना बाहेर येतो. तो धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. चकत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत बदलत राहा. शक्य असेल तर रात्रभर भिजू द्या. मग टिपकागदावर हलकेच टिपा. दाबलेल्या चकतीतल्या पेशी पुन्हा फुटतात.

आता २०, ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंश सेल्सिअसचे पाणी तयार ठेवा. प्रत्येक तापमानाला ५ चकत्या बरोबर १ मिनिट बुडवा, चिमट्याने न दाबता काढा आणि खोलीच्या तापमानाच्या १० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३० मिनिटे ठेवा. चकत्या पूर्ण वेळ गरम पाण्यातच का ठेवत नाही? कारण उष्णतेने विसरणाचा वेगही वाढतो. मग पाणी लाल झाले ते पटल बिघडल्यामुळे की रंग भराभर पसरल्यामुळे, हे सांगता येत नाही. सगळ्या नळ्या शेवटी एकाच तापमानाला ठेवल्या की हा घोळ उरत नाही.

आणखी एक नळी जरूर ठेवा. ५ चकत्या कोरड्या नळीत घालून फ्रीझरमध्ये गोठवा, वितळू द्या आणि त्यात १० मिलिलिटर पाणी घालून तितकाच वेळ ठेवा. बर्फाच्या स्फटिकांनी पटले फाटतात, त्यामुळे ही नळी १०० टक्के गळतीची खूण म्हणून वापरता येते.

वेळ संपली की चकत्या काढा आणि नळी हलवून रंग एकसारखा करा. कलरिमीटर द्रावणाने किती प्रकाश शोषला, म्हणजे त्याची शोषकता, मोजतो. त्यावर हिरवा फिल्टर निवडा, साधारण ५३० नॅनोमीटरचा. लाल द्रावण हिरवा प्रकाश शोषते. लाल फिल्टर लावला तर प्रकाश जवळजवळ तसाच पार जाईल आणि नळ्यांमधला फरक दिसणार नाही. क्युवेटमध्ये, म्हणजे कलरिमीटरच्या छोट्या पारदर्शक नळीत, डिस्टिल्ड वॉटर भरून शोषकता शून्यावर आणा, मग फिकट नळीपासून गडद नळीकडे वाचन घ्या. क्युवेट खडबडीत बाजूंनीच धरा. बोटाचा ठसा, बुडबुडा किंवा बीटचा तुकडा मध्ये आला तर आकडा फुगतो. वाचन १ च्या बरेच वर गेले तर सगळी द्रावणे सारख्या प्रमाणात पातळ करून पुन्हा मोजा.

समजा, ४० अंशांना ०.०४, ६० अंशांना ०.५२ आणि गोठवलेल्या नळीचे ०.८० आले. मग गळती अनुक्रमे ५ आणि ६५ टक्के. आलेख काढला की ४० पर्यंत रेषा जवळपास सपाट असते आणि ५० ते ६० च्या आसपास एकदम चढते. पटलातील मेदाचे रेणू उष्णतेने सैल होतातच, पण ही उसळी मुख्यतः तिथल्या प्रथिनांची घडी मोडल्यामुळे येते. प्रत्येक तापमानाला निदान तीन वेळा मोजा. एखादे वाचन या चढात बसत नसेल तर आधी चकत्यांची जाडी आणि धुणे तपासा.

अल्कोहोलसाठी मांडणी तीच, फक्त गरम पाण्याऐवजी ०, १०, २०, ३०, ४० आणि ५० टक्के इथेनॉल, खोलीच्या तापमानाला. ३० टक्क्यांचे १० मिलिलिटर हवे असेल तर ५० टक्क्यांचे ६ आणि पाणी ४ मिलिलिटर. चकत्या थेट त्याच द्रावणात ३० मिनिटे ठेवा आणि नळीला बूच लावा, नाहीतर इथेनॉल उडून जाईल. जवळपास ज्योत नको. इथेनॉल पटलाच्या मेदाच्या थरात शिरून त्याची रचना विस्कटते, जास्त प्रमाणात प्रथिनेही बिघडवते. इथे कलरिमीटर शून्यावर आणताना प्रत्येक नळीसाठी तेवढ्याच टक्क्यांचे इथेनॉल वापरा.

७० अंशांच्या वर जायचा मोह टाळा. बीटासायनिन स्वतःच उष्णतेने मोडते, द्रावण तपकिरी व्हायला लागते आणि गळती वाढूनही वाचन कमी येऊ शकते. शिवाय कलरिमीटर फक्त बाहेर आलेला रंग मोजतो; दोन पटलांपैकी आधी कोणते फुटले हे या आकड्यावरून कळत नाही, तेव्हा निष्कर्षात एकाच पटलाचे नाव लिहू नका.