या चुका टाळा: नवरीने पाहण्याआधीच तिच्या लग्नाचे फोटो पोस्ट झाले, तेव्हा

डिसेंबरातला सोमवार होता. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी नवरीचा फोन आला. लग्न होऊन चार दिवस झाले होते.

“दादा, बाबांचा तो फोटो कुणी टाकला?”

मला काहीच कळेना. मी रात्री साडेदहाला झोपलो होतो. इन्स्टाग्राम उघडलं तर आमच्या स्टुडिओच्या पानावर रात्री ११ पासून दर अर्ध्या तासाला एक, असे तिच्या लग्नाचे १७ फोटो गेले होते. रात्री एकचा फोटो पाठवणीचा होता. त्यात तिचे वडील खुर्चीत बसून रडताहेत आणि ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून बसली आहे.

लग्नाआधी दोन महिने वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. चेहऱ्याची डावी बाजू अजून ओघळलेली होती. गावाकडे घरच्यांनी ‘तब्येत जरा नरम आहे’ एवढंच सांगितलं होतं. नवरीने मला आधीच बाजूला घेऊन विनंती केली होती, “बाबांचे फोटो उजव्या बाजूने घ्याल का?” दिवसभर मी ते पाळलं. पाठवणीला मात्र मी डावीकडे उभा होतो आणि तो क्षण सोडवला नाही. तो फोटो मी फक्त तिला दाखवणार होतो. सकाळी गावाहून तिच्या चुलत्यांचा घरी फोन आला तो थेट, “दादाला एवढं झालं आणि आम्हाला कळवलंही नाही?”

हे घडलं कसं, आणि घडल्यावर मी पहिल्या तासात आणखी काय बिघडवलं, हे सविस्तर लिहितो. लग्नाचं काम करणाऱ्या बऱ्याच छोट्या स्टुडिओंत आज हीच रचना आहे.

फोटो डिलीट करायला धावू नका, आधी रांग थांबवा

मी फोनवरून एकेक फोटो काढायला लागलो. साडेसातला पाहतो तर नवा फोटो आलेला. मग लॅपटॉप उघडून ऑटोमेशन बंद केलं आणि सुटलो असं वाटलं. आठ वाजता आणखी एक गेला.

आमची साखळी तीन टप्प्यांची होती. लाइटरूममधून फोटो एका क्लाउड फोल्डरमध्ये जायचे. ऑटोमेशन दर १५ मिनिटांनी त्या फोल्डरमध्ये डोकावून नवे फोटो उचलायचं आणि शेड्युलरच्या रांगेत लावायचं. शेड्युलर त्या रांगेतून दर अर्ध्या तासाला एक फोटो पोस्ट करायचा. सगळे एकदम पडू नयेत म्हणून ही सोय मीच केली होती. रात्री ३४ फोटो फोल्डरमध्ये आले आणि अकराच्या आत सगळे रांगेत लागले. मी सकाळी बंद केलेलं ऑटोमेशन तोवर त्याचं काम संपवून बसलं होतं. १९ फोटो बाहेर पडले होते आणि उरलेले १५ शेड्युलरमध्ये आपल्या वेळेची वाट पाहत होते.

म्हणून थांबवायचं ते शेवटच्या टोकाकडून, म्हणजे प्रत्यक्ष पोस्ट करणाऱ्या टप्प्यापासून मागे. शेड्युलरची रांग आधी थांबवायची. त्याचा पासवर्ड त्या क्षणी हाताशी नसेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या सेवेला दिलेली परवानगीच काढून टाकायची. मग ऑटोमेशन बंद करायचं, मग फोल्डर रिकामा करायचा, आणि फोटो उतरवायला त्यानंतर बसायचं. फोटो उतरवण्याआधी पूर्ण यादीचा स्क्रीनशॉट घ्या. नेमके कोणते फोटो किती वेळ दिसत होते, हे घरच्यांना खरं सांगता आलं पाहिजे.

आणखी दोन जागा मला दुपारी सापडल्या. आमचं खातं फेसबुक पानाला जोडलेलं होतं आणि प्रत्येक फोटो तिथेही गेला होता. इन्स्टाग्रामवरून उडवलेला फोटो फेसबुकवर तसाच राहतो, तो तिथे जाऊन वेगळा काढावा लागतो. शिवाय इन्स्टाग्रामवर डिलीट केलेली पोस्ट ३० दिवस ‘Recently Deleted’मध्ये राहते आणि तिथून परत आणता येते. तिथूनही ती काढली तेव्हा मी नवरीला ‘काढले’ असं सांगू शकलो. कुणाच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट राहिला असेल तर त्याला माझ्याकडे उपाय नव्हता. तेही मी तिला तसंच सांगितलं.

एका खुणेला दोन अर्थ

दुपारी आम्ही मूळ शोधायला बसलो. शेड्युलरच्या नोंदीत सगळे फोटो रात्री पावणेअकराच्या सुमारास रांगेत लागलेले दिसत होते. तेव्हा माझा नवा सहायक स्टुडिओत एकटा काम करत होता.

माझ्या पद्धतीत लाइटरूममध्ये पाच तारे म्हणजे ‘नवरा-नवरीने हो म्हटलेला फोटो’. पाच तारे असलेले फोटो आपोआप गोळा करणारं एक स्मार्ट कलेक्शन होतं आणि ते त्या क्लाउड फोल्डरला जोडलेलं होतं. सहायक आधी ज्या स्टुडिओत होता तिथे पाच तारे म्हणजे ‘अल्बमला घ्या’. त्याने अल्बम डिझायनरसाठी ३४ फोटोंना पाच तारे दिले आणि रोजच्या सवयीने ‘Publish’ दाबलं. त्याच्या दृष्टीने त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. माझ्या खुणेचा अर्थ फक्त माझ्या डोक्यात होता आणि मी तो त्याला कधी सांगितलाच नव्हता. तो घाबरून माफी मागत होता, पण चूक माझी होती.

पहिल्यांदा मला वाटलं, ताऱ्यांऐवजी हिरवं लेबल वापरू. पण लाइटरूममध्ये तारे १ ते ५ या बटणांवर आहेत, लाल, पिवळं, हिरवं आणि निळं लेबल ६ ते ९ वर. हजारो फोटो भराभर चाळताना बोट चुकीच्या बटणावर पडणं रोजचंच आहे. त्यात कॅप्स लॉक चालू असेल तर खूण लागताच पुढचा फोटो समोर येतो आणि चूक दिसतही नाही. एका बटणाने लागणारी कुठलीही खूण ‘आवडला’ म्हणायला ठीक आहे, कुणाची संमती नोंदवायला नाही.

आता संमती लाइटरूमच्या बाहेर एका शीटमध्ये असते. पहिल्या रकान्यात फोटोचं नाव, मग नवरी, नवरा, फोटोत ठळक दिसणारी तिसरी व्यक्ती, आणि होकार कुठे व कधी आला ते. तिसरी व्यक्ती नसेल तर तिथे रेघ मारतो. सहाव्या रकान्यात हे सूत्र आहे:

```
=AND(B2="हो", C2="हो", OR(D2="हो", D2="-"), E2<>"")
```

उत्तर `TRUE` आलं तरच ऑटोमेशन तो फोटो उचलतं, आणि उचलूनही फक्त ड्राफ्ट बनवतं. पोस्टचं बटण मी स्वतः, फोटो पुन्हा एकदा पाहून दाबतो. रिकामा रकाना इथे ‘नाही’ ठरतो, आणि मला तेच हवं होतं.

शीट वापरणार असाल तर फोटोंची नावं आधी सुधारा. कॅमेरा DSC_9999 नंतर पुन्हा DSC_0001 वर येतो. दोन कॅमेऱ्यांनी काम केलं तर एकाच लग्नात एकाच नावाचे दोन फोटो निघू शकतात, आणि एकाचा होकार दुसऱ्याला लागतो. आम्ही कार्डवरून फोटो उतरवतानाच तारीख, घराचं आद्याक्षर, कॅमेऱ्याचं अक्षर आणि मूळ क्रमांक असं नाव देतो, उदाहरणार्थ `20241205_K_A_4127`.

‘तीन दिवसांत हरकत नाही, म्हणजे होकार’

माझ्या करारपत्रात हे वाक्य होतं. या वेळी ते कामाला आलं नाही, पण आधीच्या अनेक लग्नांत मी त्याच्याच जोरावर फोटो टाकले होते. आता ते मला टोचतं. लग्नानंतरच्या त्या तीन दिवसांत त्या घरात काय चालू असतं? सत्यनारायण, जागरण-गोंधळ, जेजुरीला जाणं, पाहुण्यांना निरोप. आपण पाठवलेली फोटोंची लिंक उघडायला कुणाला सवड असते? त्यांनी फोटो पाहिलेच नसतात आणि आपण धरून चालतो की ते पसंत पडले.

होकार कुणाचा आणि कशाला, हाही प्रश्न आहे. नवरदेवाने दुसऱ्या दिवशी मला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, “मस्त आलेत, टाका.” सकाळी फोनवर मी नवरीला ते ऐकवूनही पाहिलं. ती म्हणाली, “दादा, तुम्ही त्यांना आमच्या दोघांचे बारा फोटो पाठवले होते. त्यात बाबा होते का?” नव्हते. होकार त्या बारा फोटोंपुरता होता, आणि तोही एकट्याचा. आता मी लिंक दोघांना वेगवेगळी पाठवतो आणि फोटोच्या क्रमांकासह उत्तर मागतो.

‘फोटो तर माझाच आहे ना’

हे आपल्या धंद्यात सर्रास बोललं जातं. मीही मानत होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा असतो, उलट करार केलेला नसेल तर. म्हणजे लेखी काही नसेल तर लग्नाचे फोटो आपले नसतात. पानावर टाकायचे असतील तर करारात तसा अधिकार मागून घ्यावा लागतो. त्यातही मी आता वेगळी ओळ घातली आहे, की प्रत्येक फोटोला आधी दोघांचा लेखी होकार लागेल आणि दिलेला होकार ते कधीही मागे घेऊ शकतील.

आमच्याकडे ऑर्डर बऱ्याचदा मुलीच्या वडिलांची असते. या लग्नाची पावतीही त्यांच्याच नावाची होती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. फोटो कुठे कुठे गेला होता, किती तास दिसत होता, कुठून काढला, हे सगळं लिहिलेला कागद सोबत नेला आणि माफी मागितली. चुलत्यांशीही मीच बोललो, कारण लपवाछपवीचा आळ घरच्यांवर आला होता. वडिलांनी तो फोटो पाहायला मागितला. मी पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग थांबत थांबत म्हणाले, “घरात राहू दे.”

शीटमध्ये त्या फोटोपुढे चौथ्या रकान्यात ‘नको’ आहे. अल्बममध्ये तो आहे, शेवटच्या दोन पानांवर पसरलेला. पानं नवरीनेच ठरवली.