ईसॉपचा स्क्रीनशॉट हातात आला की हिशोब कुठून सुरू करायचा

हे लिहितेय ते पहिल्यांदाच ऑप्शन एक्सरसाइज करायला निघालेल्यांसाठी. कंपनी भारतातली आणि शेअर बाजारात नोंद नसलेली, असं धरून चालू. ग्रँट, व्हेस्टिंग आणि एक वर्षाचा क्लिफ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेलच. अडतं ते पुढे. पोर्टलच्या एका स्क्रीनशॉटवरून आपल्या खात्यातून नेमके किती पैसे जाणार हे काढताना मला फार त्रास झाला होता, आणि कराची रक्कम भरायला ऐनवेळी एफडी मोडावी लागली होती. आजही तो स्क्रीन पाहिला की पोटात गोळा येतो.

उदाहरण म्हणून हा स्क्रीनशॉट घेऊ. काढल्याची तारीख २० ऑगस्ट २०२५.

```
Grant date       01-07-2022
Options granted  4,800
Exercise price   ₹40
FMV              ₹150
Exercised        600

Date         Vesting   Cumulative
01-07-2023   1,200     1,200
01-10-2023   300       1,500
...
01-07-2025   300       3,600
01-10-2025   300       3,900
```

पहिलं काम तारखेचं. २० ऑगस्टपर्यंतची शेवटची ओळ १ जुलै २०२५ ची आहे. त्याखालची ऑक्टोबरची ओळ दिसत असली तरी ती अजून तुमची नाही. Cumulative हा रकाना आधीच बेरीज करून देतो, त्यामुळे त्यातले आकडे पुन्हा एकमेकांत मिळवायचे नाहीत, फक्त शेवटचा लागू आकडा उचलायचा: ३,६००. पडताळा सोपा आहे. चार वर्षांपैकी तीन वर्षं पूर्ण झाली, म्हणजे ४,८०० चे ७५ टक्के, ते ३,६०० च येतात. यातून आधी एक्सरसाइज केलेले ६०० वजा केले की हातात उरतात ३,०००. स्क्रीनशॉट कापलेला असेल आणि Exercised ची ओळ दिसत नसेल तर पूर्ण स्क्रीन मागवा, ती ओळ नसेलच असं गृहीत धरू नका.

एक्सरसाइजचा खर्च तर एका गुणाकाराचा: ३,००० × ४० = १,२०,००० रुपये. इथपर्यंत कुणाचं फारसं चुकत नाही.

आता खरा खड्डा. स्क्रीनवर FMV, म्हणजे वाजवी बाजारभाव, याच्यासमोर १५० लिहिलंय. कुणीही सरळ १५० मधून ४० वजा करेल, ११० ला ३,००० ने गुणेल आणि करपात्र लाभ ३,३०,००० रुपये काढेल. हा आकडा चुकीचा आहे, कारण तो १५० चा भाव ग्रँटच्या दिवसाचा आहे. आपल्याकडे कर ऑप्शन मिळाले त्या दिवशी लागत नाही, व्हेस्ट झाले त्या दिवशीही लागत नाही. एक्सरसाइजच्या दिवशीचा वाजवी बाजारभाव वजा तुम्ही भरलेली किंमत, हा फरक परक्विझिट म्हणून पगारात धरला जातो. तीन वर्षांत कंपनी वाढली असेल तर तो भाव १५० वर थोडाच थांबणार आहे?

आमच्या पेरोलमधल्या एका ताईंनी मला एका वाक्यात सांगितलं होतं, "वरच्या चौकटीतला भाव बघू नका हो, तो ग्रँट लेटरमधून आपोआप येतो." तेव्हापासून मी FMV शेजारी तारीख आहे का ते आधी पाहते. तारीख नसेल आणि तो आकडा ग्रँटच्या तारखेच्या चौकटीतच बसला असेल, तर ग्रँट लेटर उघडून ताडून पाहा. दोन्हीकडे एकच आकडा निघाला तर तो जुना भाव असण्याचीच शक्यता जास्त, आणि करासाठी त्यावर विसंबता येत नाही.

मग लागू भाव आणायचा कुठून? नोंद नसलेल्या कंपनीच्या शेअरचा भाव सेबीकडे नोंदणी असलेला मर्चंट बँकर ठरवतो. त्याचं मूल्यांकन एक्सरसाइजच्या दिवसाचं किंवा त्याआधीच्या १८० दिवसांच्या आतलं असावं लागतं. म्हणून फायनान्सला मेल करून दोनच गोष्टी विचारा: माझ्या एक्सरसाइजला लागू होणारा अहवाल कोणत्या तारखेचा आहे, आणि त्यात प्रतिशेअर भाव किती धरलाय. उत्तर लेखी घ्या. तुम्ही दोन महिने विचार करत बसलात आणि मध्ये नवा अहवाल आला, तर हिशोब पुन्हा करावा लागतो.

समजा उत्तर आलं ३१० रुपये. मग लाभ (३१० − ४०) × ३,००० = ८,१०,००० रुपये. पगाराचं करपात्र उत्पन्न आधीच ३० लाख असेल, तर नव्या करप्रणालीत ही सगळी रक्कम ३० टक्क्यांच्या टप्प्यात पडते, वर ४ टक्के सेस, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. कर २,५२,७२० रुपये. जुन्या १५० च्या भावाने तोच कर १,०२,९६० दिसला असता. जवळजवळ दीड लाखाची तफावत, तीही शेअर विकून एक रुपयाही हातात आलेला नसताना. एक्सरसाइजचा खर्च धरून खात्यात हवेत ३,७२,७२० रुपये. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर जात असेल तर अधिभारही धरा.

उलट दिशेची गफलतही होते. शेवटच्या फंडिंग राउंडचा भाव, समजा ५००, बातम्यांत झळकतो आणि लोक तोच धरून घाबरतात. तो भाव बहुतेक वेळा गुंतवणूकदारांच्या प्रेफरन्स शेअरचा असतो. कंपनी विकली गेली तर पैसे आधी मिळण्यासारखे हक्क त्याला जोडलेले असतात. तुमचा साधा इक्विटी शेअर सहसा त्याहून कमी भावाचा ठरतो.

ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर माझा विश्वास नाही. अमेरिकेचे नियम धरून बनवलेले बरेच असतात, आणि भाव कोणत्या दिवसाचा हवा हे ते नीट विचारत नाहीत. "करून टाक, नंतर बघू" म्हणणाऱ्या सीनियरचाही सल्ला मी घेणार नाही. त्याने एक्सरसाइज केलं तेव्हा भाव कदाचित ६० असेल. पेरोलमधल्या माणसाशी दहा मिनिटं बोललेलं जास्त उपयोगी पडतं.

"आपली कंपनी स्टार्टअप आहे, कर पुढे ढकलता येतो" हेही ऐकाल. सवलत खरी आहे, पण नुसती डीपीआयआयटीची मान्यता पुरत नाही, कलम ८०-आयएसीचं आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते असलं तरी नोकरी सोडली किंवा शेअर विकले की कर लगेच देय होतो.

एवढं वाचून धसका घेऊ नका. व्हेस्ट झालेले ऑप्शन नुसते पडून असतील तर त्यावर आज काहीच कर नाही, आणि बहुतेक योजनांत सगळे एकदम घ्यायची सक्ती नसते. वरच्याच भावाने १,००० घेतले तर खर्च ४०,००० आणि कर ८४,२४०, मिळून १,२४,२४० रुपये. मात्र किती काळ थांबता येईल हे योजनेच्या कागदात पाहा, विशेषतः राजीनाम्यानंतर किती दिवस मिळतात ते. ती मुदत स्क्रीनशॉटवर बहुधा नसतेच.

टीडीएस पगारातून कापतात. कर त्या महिन्याच्या पगारापेक्षा मोठा असेल तर कंपनी फरक आधी भरायला सांगू शकते, तेव्हा अर्ज करण्याआधीच ते विचारून घ्या. आणि ३१० चा उल्लेख असलेला तो मेल जपून ठेवा. पुढे शेअर विकाल तेव्हा भांडवली नफा मोजताना तुमची खरेदी किंमत ४० नव्हे, ३१० धरायची असते.