पहिल्या भेटीचा मेसेज: गोडवा राहतो, पत्ता हरवतो, या चुका टाळा

ॲपवर किंवा विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर ओळख झाली, दोन आठवडे गप्पा रंगल्या, भेटायचं ठरलं. आता उरला एक मेसेज: भेट पक्की करणारा. मित्रमंडळींत असे मेसेज पाठवण्याआधी माझ्याकडे तपासायला येतात, आणि त्यात दोनच जाती दिसतात. एकात लाडीगोडी भरपूर पण जागेचा पत्ता नाही. दुसऱ्यात सगळा तपशील असतो, पण वाचून वाटतं की गॅस सिलिंडरची डिलिव्हरी येणार आहे.

हा परवाचाच मसुदा. तो ठाण्याचा, ती पार्ल्याची. मध्य आणि पश्चिम रेल्वे दोन्ही जिथे भेटतात ते दादर म्हणून दोघांच्या सोयीचं, इथपर्यंत ठीक. मेसेज असा:

"हाय सुंदरी 😍 शनिवार डन ना? संध्याकाळी दादरला, शिवाजी पार्कात भेटू. मी व्हाइट शर्टमध्ये असेन. तुला तर मी हजारात ओळखेन 😘"

वाचायला बरा वाटतो. पण यावर तिने नुसतं "हो 😊" लिहिलं, तर शनिवारी दोघंही वेळेवर पोहोचून एकमेकांना भेटणार नाहीत.

जागा म्हणजे परिसर नव्हे

शिवाजी पार्कचा नुसता कट्टाच एक किलोमीटरहून लांब आहे. त्यावर शनिवारी संध्याकाळी आजी-आजोबा, कॉलेजची पोरं, क्रिकेटच्या क्लासवाल्यांचे पालक असे शेकडो लोक बसलेले असतात. "पार्कात" म्हणजे त्या गोलातली कुठली बाजू? तो मीनाताई ठाकरे यांच्या पुतळ्यापाशी, ती उद्यान गणेश मंदिरापाशी, आणि दोघं फोनवर "मी इथेच आहे!" म्हणणार.

"दादर स्टेशनवर" लिहिणं तर आणखी वाईट. 2023 च्या डिसेंबरपर्यंत तिथे दोन्ही रेल्वेंचा आपापला एक नंबर प्लॅटफॉर्म होता. आता पश्चिमेचे 1 ते 7 आणि मध्यचे 8 ते 14 असा सलग क्रम झालाय. तरी जुन्या सवयीने कुणी "एक नंबरवर ये" म्हटलं, तर दोघं वेगवेगळ्या रेल्वेच्या हद्दीत उभे राहू शकतात. शिवाय पूर्व की पश्चिम हे लिहिलं नाही, तर पूल ओलांडण्यात भेटीचा उत्साह निम्मा जातो.

कॉफीच्या साखळी दुकानांचंही तेच. एकाच नावाची दोन दुकानं जवळजवळ असली की नुसतं नाव कामाचं नाही, रस्ता लागतो. खाण्याचं प्रसिद्ध ठिकाण असेल तर दुसरी अडचण येते. सेनाभवनासमोरच्या आस्वादबाहेर सुट्टीच्या दिवशी वाट पाहणाऱ्यांचीच गर्दी असते. त्या गर्दीत अनोळखी चेहरा शोधायचा आणि वर टेबलसाठी ताटकळायचं, असं दुहेरी काम होतं. भेटायची जागा आणि बसायची जागा वेगळी ठेवली तर दोन्ही सुटतं: आधी मोकळ्या जागी भेटायचं, मग चालत जायचं.

म्हणून जागा एका वस्तूपर्यंत खाली आणावी. "उद्यान गणेश मंदिराबाहेर, सावरकर मार्गाच्या बाजूला." मात्र त्या दिवशी संकष्टी नाही ना, हे कालनिर्णयमध्ये बघून घ्या. मंगळवारही टाळलेला बरा.

जागा उघडी आणि माणसांची वर्दळ असलेली हवी. "तुला घ्यायला बिल्डिंगखाली येतो" हे कितीही प्रेमाने लिहिलं तरी पहिल्या भेटीआधी समोरच्याने घरचा पत्ता देणं अपेक्षितच नाही. असा आग्रह धरणारा मेसेज वाचून बऱ्याच मुली तिथेच थांबतात, आणि थांबावंच.

"संध्याकाळी" ही वेळ नाही

एकाच्या मते संध्याकाळ पाचला सुरू होते, दुसऱ्याच्या मते ऑफिस सुटल्यावर. "सहा-साडेसहा" लिहिलं की लवकर येणारा सहा वाजता येतो, उशिरा येणारा पावणेसातला, आणि दोघंही स्वतःला वेळेवर समजतात. एकच आकडा लिहा.

आकडा ठरवताना रेल्वे विसरू नका. ठाण्याहून दादरला जलद लोकलने साधारण अर्धा तास, वर दादर पश्चिमेला उतरून बाजारातल्या गर्दीतून पार्कपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. रविवार असेल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघा. तो बहुतेक वेळा दुपारभर चालतो आणि त्यानंतरही गाड्या काही काळ मागे-पुढे धावतात, त्यामुळे दुपारी तीनची पहिली भेट म्हणजे आधीच घामाघूम होऊन पोहोचणं. आणि "या शनिवारी" लिहिताना पुढे तारीखही घाला. गुरुवारी रात्री पाठवलेला "पुढचा शनिवार" कुठला, यावर घरातल्या माणसांचंही एकमत होत नाही.

पांढरा शर्ट, आणि हजारात ओळखणं

शिवाजी पार्कच्या मैदानावर संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतले क्रिकेटवाले डझनावारी असतात. तिथे "व्हाइट शर्ट" ही ओळख नाहीच, तो लपायचा मार्ग आहे.

ओळख सांगताना हंगामही बघावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. त्यानंतर रस्त्याच्या दिव्यांखाली निळा, काळा, गर्द हिरवा सगळे सारखेच दिसतात. पावसाळ्यात "काळी छत्री" म्हणजे अख्खं दादर. लांबून आणि अंधारातही चालणाऱ्या गोष्टी वेगळ्या: उंची, केसांची ठेवण, दाढी, खांद्यावरची मोठी रंगीत पिशवी, पिवळ्यासारखा उजळ रंग. एक गोष्ट कपड्यांची आणि एक न बदलणारी अशी जोडी दिली की पुरते, कारण ऐनवेळी कुर्त्यावर चहा सांडला तर निदान दुसरी शिल्लक राहते.

प्रोफाइलवरचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा असेल तर याच मेसेजमध्ये हसतहसत सांगून टाका: "फोटोतली दाढी आता नाही, फोटोतला माणूस तोच आहे." ही कबुली भेटीनंतर दिली तर फसवणूक वाटते.

"तुला हजारात ओळखेन" मध्ये अडचण अशी की तिने स्वतःबद्दल काही सांगायची वाटच बंद झाली. ओळख दोन्ही बाजूंनी हवी. आणि कोण कुणाकडे जाणार हेही ठरलेलं हवं, नाहीतर दोघं वीस पावलांवरून एकमेकांकडे चोरून बघत फोन चाळत बसतात.

गोडवा कुठे घालायचा

बहुतेक लोक गोडवा तपशिलाच्या वर पसरतात: आधी "सुंदरी", शेवटी चुंबनाची इमोजी, मध्ये कोरडा पत्ता. मी उलट सांगते. तपशिलालाच छेडायचं. ओळख कशी पटणार हा प्रश्न मुळातच गमतीचा आहे, त्यामुळे फ्लर्टिंगची हक्काची जागा तीच. वर दिलेला मसुदा आम्ही असा बदलला:

"शनिवार 17, बरोबर 6 वाजता, शिवाजी पार्क, उद्यान गणेश मंदिराबाहेर, सावरकर मार्गाच्या बाजूला. (बाप्पा साक्षीला आहे म्हणून घाबरू नकोस, फक्त चहा आहे 😄) मी पिवळ्या कुर्त्यात, उंच, खांद्यावर लाल पिशवी. तू कशी ओळखू येशील ते सांग, नाहीतर दिसेल त्या मुलीकडे बघून हसावं लागेल, आणि तिथले आजोबा काठी घेऊन बसलेले असतात."

तिचं उत्तर आलं: "6 पक्कं. कुरळे केस, केशरी ओढणी. मीच येऊन हाक मारेन. पण तू उत्तर साधंच दे, उखाण्यात नको 😜"

उत्तराच्या पहिल्या दोन शब्दांत वेळ परत आली, आणि तिने स्वतःहून ओळख देऊन कोण कुणाकडे येणार तेही मिटवलं. प्रश्न एकच विचारला होता म्हणून हे झालं. "कधी? कुठे? काय खाशील? काय घालशील?" अशी चौकशी लावली असती तर दोन प्रश्नांची उत्तरं हमखास गळली असती. "काय घालशील?" हा प्रश्न एकटा वाचून बघा म्हणजे तो का टाळायचा ते कळेल. "कशी ओळखू येशील?" विचारलं की काय सांगायचं ते ती ठरवते.

तशीच काळजी संबोधनाची. दोन आठवडे नाव घेऊन बोलत असाल तर भेटीच्या मेसेजात अचानक "सुंदरी", "बेबी", "जान" नको. स्थळ विवाहमंडळातून आलंय आणि अजून अहो-जाहो चाललंय, तर "तू" वर उडी मारायचा मुहूर्त हा नाही. "तुम्ही" मध्येही छान छेडता येतं: "चहात साखर किती घेता ते मुद्दाम विचारलं नाही, शनिवारी बोलायला काहीतरी हवं ना." रंगरूपाबद्दलचं कौतुक, विशेषतः अंगाबद्दलचं, भेटीआधी लिहूच नका. त्याने समोरची व्यक्ती कपड्यांचा विचार करत बसते आणि कधीकधी येतच नाही.

एवढं करूनही बिनसलं तर

दोन निळ्या टिका दिसतात पण उत्तर नाही: लगेच दुसरा मेसेज नको. भेटीच्या दिवशी सकाळी एकच ओळ टाका: "आज 6, उद्यान गणेशापाशी. येतेयस ना?" दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर घरातून निघू नका. भेट पक्की नव्हती असंच समजायचं.

मध्येच जागा बदलली: "त्यापेक्षा तिकडे भेटू?", "चालेल", "की आधीचंच बरं?" असं चार मेसेजात बोलणं झालं की कुणाच्या डोक्यात काय राहील सांगता येत नाही. बदलानंतर पूर्ण मेसेज नव्याने लिहा, दिवसापासून ओळखीपर्यंत, सुरुवातीला "आता हे फायनल" असं घालून.

लोकेशन: व्हॉट्सॲपवर ठिकाणाची पिन पाठवायला हरकत नाही. लाइव्ह लोकेशन मात्र 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास चालतं. शोधाशोध सुरू झाली तर पंधरा मिनिटांचं पुरे, आणि भेट झाल्यावर ते बंद करा. आठ तासांचं दिलंत तर परतीचा रस्ता आणि घर दोन्ही दिसतं.

उशीर होतोय: "निघालोच" लिहू नका, तुम्ही कुठे आहात ते लिहा. "कुर्ल्याला आहे, 6:20 होतील" वाचून समोरचा माणूस निवांत एक चक्कर मारू शकतो.

फोन नंबर दिलेले नसतील आणि बोलणं ॲपच्या चॅटवरच असेल, तर नोटिफिकेशन उशिरा येण्याची शक्यता धरूनच चाला. अशा वेळी मेसेजातच ठरवून टाका: "काही गोंधळ झाला तर दोघांनीही जागा सोडायची नाही, 6:30 पर्यंत तिथेच." दोघंही शोधायला निघाले की गोल मैदानाभोवती एकाच दिशेने फिरत राहतात.