छोट्या दवाखान्यासाठी ऑनलाइन अपॉइंटमेंटचं पान कसं बनवायचं (रिमाइंडर आणि रद्द करायच्या नियमांसकट)

माझ्या बहिणीचं सांगलीत दातांचं क्लिनिक आहे, एकच खुर्ची, एकच डॉक्टर, आणि रिसेप्शनला एक ताई. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८. अपॉइंटमेंट वहीत लिहायच्या, फोन सतत वाजायचा, आणि सगळ्यात त्रास कशाचा तर वेळ घेऊन न येणाऱ्यांचा. खुर्ची अर्धा तास रिकामी, आणि त्याच वेळेसाठी आदल्या दिवशी दोघांना नाही म्हटलेलं. म्हणून आम्ही गूगल कॅलेंडरवर बुकिंगचं पान बनवलं, एक रुपयाही न घालता. कसं केलं आणि कुठे चुकलं ते सगळं सांगतो, तुमचं फिजिओथेरपीचं किंवा होमिओपॅथीचं क्लिनिक असेल तरी हेच चालेल.

आधी वही आणि घड्याळ

कॉम्प्युटर उघडायच्या आधी ३ दिवस फक्त वेळ लिहून काढा. पेशंट खुर्चीत कधी बसला, कधी उठला, आणि पुढचा कधी बसला. ताईंनी लिहिलं तेव्हा कळलं की साध्या तपासणीला डॉक्टर "१५ मिनिटं" म्हणतात पण अवजारं बदलणं, बिल, पुढची तारीख हे धरून २५ मिनिटं सहज जातात. म्हणून आम्ही ३० मिनिटांचा स्लॉट धरला. इथे आशेवर जाऊन १५ चा ठेवलात तर ११ वाजेपर्यंतच बाहेर दोन जण ताटकळत बसतील आणि मग ऑनलाइन वेळेला काही अर्थच राहणार नाही.

दुसरा निर्णय म्हणजे ऑनलाइन काय द्यायचं. रूट कॅनालसारखी तासाभराची सिटिंग ऑनलाइन ठेवू नका, ती डॉक्टरांनी पेशंट समोर असतानाच ठरवायची. पानावर फक्त नवीन तपासणी आणि फॉलोअप. तसंही साध्या मोफत गूगल अकाउंटवर एकच बुकिंग पान मिळतं आणि त्यात एकच कालावधी, त्यामुळे हे बरोबर जुळतं. आणि सगळा दिवस ऑनलाइन उघडू नका. आम्ही १० ते ११:३० आणि ५ ते ७ एवढंच ठेवलंय, म्हणजे सकाळी ३ आणि संध्याकाळी ४ असे ७ स्लॉट, बाकी वेळ सिटिंगसाठी आणि ज्यांचा दात रात्रभर ठणकलाय आणि सकाळी गाल सुजवून दारात उभे आहेत त्यांच्यासाठी.

पान बनवणं

क्लिनिकच्या नावाने वेगळं जीमेल काढा, घरचं वापरू नका, कारण ते रिसेप्शनला उघडं राहणार आहे. मग कॉम्प्युटरवर calendar.google.com उघडून डावीकडे Create आणि त्यात Appointment schedule. नाव द्या, कालावधी ३० मिनिटं, वार आणि वेळा भरा, टाइम झोन भारताचा आहे ना ते बघा.

Scheduling window मध्ये दोन आकडे असतात. एक, किती दिवस पुढचं बुक करता येईल. हे १४ दिवस ठेवा, दोन महिने पुढची वेळ घेतलेला माणूस विसरतोच. दुसरा, किमान किती तास आधी बुक करायचं. इथे बरेच जण "२४ तास" टाकतात, नीटनेटकं वाटतं म्हणून, पण मग आदल्या संध्याकाळी कोणी रद्द केलं की तो सकाळचा स्लॉट पानावर परत दिसतच नाही, रिकामाच जातो. आम्ही २ तास ठेवलंय. रात्री ८ ला सुटलेला सकाळी १० चा स्लॉट रात्री ९ ला कोणीतरी पटकन घेतं.

Booking form मध्ये नाव आणि ईमेल आधीच असतात, फोन नंबर जोडा आणि तो सक्तीचा करा. "काय त्रास आहे" असा मोकळा रकाना ठेवू नका. लोक तिथे सगळा इतिहास लिहितात, आणि ते वाचतं रिसेप्शन. "नवीन की जुना पेशंट" एवढं विचारलं की बास.

आता आमची चूक. बहीण दोन दिवस लग्नाला जाणार होती, तिने कॅलेंडरमध्ये "सुट्टी" अशी दिवसभराची नोंद टाकली, आणि तरी त्या दिवशी तिघांनी बुक केलं. कारण दिवसभराची नोंद टाकली की गूगल ती Free धरतं. नोंद उघडून तिथे Busy निवडावं लागतं, तेव्हाच स्लॉट बंद होतात. तिघांनाही फोन करून माफी मागावी लागली. सुट्टी टाकली की लगेच बुकिंगचं पान उघडून तो दिवस खरंच रिकामा दिसतोय का ते डोळ्याने बघायचं, ही सवय आता लागलीय.

आणि सगळ्या नोंदी ह्याच एका कॅलेंडरवर. ज्यांच्याकडे ईमेल नाही, आणि आपल्याकडे साठीच्या पुढचे बरेच पेशंट असेच असतात, ते पूर्वीसारखा फोनच करणार. ताई त्यांची नोंद थेट कॅलेंडरमध्ये टाकतात, नाव आणि फोन नंबर लिहून. तेवढा स्लॉट पानावरून आपोआप जातो. वही बंद करा. वही आणि कॅलेंडर दोन्ही चालू राहिलं तर एकाच वेळेला दोन पेशंट येणारच.

रिमाइंडर

बुक झालं की पेशंटला कन्फर्मेशनचा ईमेल जातो, त्यातच रद्द करायची सोय असते. पण आदल्या दिवशी आपोआप आठवण करणारा ईमेल मोफत अकाउंटवर मिळत नाही, त्याला पैसे भरून प्लॅन घ्यावा लागतो. मला विचाराल तर तो घेऊ नका, कारण आपले पेशंट ईमेल बघतच नाहीत, व्हॉट्सॲप बघतात. सॉफ्टवेअरमधून एसएमएस पाठवायचे तर भारतात डीएलटी म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो, सात-आठ पेशंटसाठी एवढा खटाटोप नको. आणि एकदम शंभर जणांना पाठवणारी ती बाहेरची व्हॉट्सॲप सॉफ्टवेअरं तर अजिबात नकोत, नंबर बंद होतो आणि मग क्लिनिकचा तोच नंबर सगळ्या फाइलींवर छापलेला असतो.

आम्ही एक गूगल शीट केलीय. A मध्ये नाव, B मध्ये दहा आकडी नंबर, C मध्ये वेळ, D मध्ये "उद्या" हा शब्द, आणि E मध्ये हे:

```
=HYPERLINK("https://wa.me/91"&B2&"?text="&ENCODEURL(
A2&", "&D2&" "&TEXT(C2,"hh:mm am/pm")&
" ला क्लिनिकमध्ये तुमची वेळ आहे. येणार ना? हो / नाही कळवा, संध्याकाळी 7 च्या आत."),
"पाठवा")
```

ताई साडेचारला येतात, कॅलेंडर बघून दुसऱ्या दिवशीची नावं भरतात आणि एकेका "पाठवा" वर क्लिक करतात. व्हॉट्सॲप उघडतं, मजकूर तयार असतो, फक्त सेंड दाबायचं. दहा मिनिटांचं काम. नंबरला पुढे शून्य किंवा +91 लावलं तर लिंक चालत नाही, हे सुरुवातीला दोनदा झालं. D चा रकाना वेगळा ठेवलाय कारण रविवारी क्लिनिक बंद असतं, सोमवारच्या पेशंटना शनिवारीच कळवावं लागतं आणि तेव्हा तिथे "सोमवारी" लिहायचं. मेसेजमध्ये आजार किंवा उपचार लिहू नका, एका घरात एकच फोन चौघं बघतात.

रद्द करायचे नियम

ह्या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की रिमाइंडर आधी, रद्द करायची मुदत त्याच्या नंतर, आणि मग रिकामा स्लॉट भरायला वेळ. सुरुवातीला आम्ही मेसेज रात्री ९ ला पाठवायचो आणि नियम होता "संध्याकाळी ७ पर्यंत कळवा". म्हणजे ज्याला मेसेज बघून आठवलं त्याची मुदत आधीच संपलेली, मग तो गप्पच बसायचा आणि यायचा नाही. आता मेसेज ५ च्या आत, मुदत ७, आणि ७ ते ८ मध्ये ताई वेटिंगवाल्यांना फोन करतात. वेटिंग म्हणजे ज्यांना हवी ती वेळ मिळाली नाही अशांची त्याच शीटमधली दुसरी यादी.

"नाही" असं उत्तर आलं की ताईंनी कॅलेंडरमधली नोंद तेव्हाच डिलीट करायची. नुसतं "बरं" म्हणून ठेवलं तर स्लॉट अडकलेलाच राहतो, आणि हे घाईत हमखास राहून जातं. उत्तरच आलं नाही तर नवीन पेशंटला साडेसहाला एक फोन, जुन्यांना करत नाही.

ईमेलमधली रद्द करायची लिंक मुदत संपली म्हणून बंद होत नाही, त्यामुळे नियम शब्दात लिहावा लागतो. पानाच्या वर्णनात आम्ही असं लिहिलंय: "येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत कळवा. १० मिनिटांपेक्षा उशीर झाला तर पुढचा पेशंट आधी घेतला जाईल, तुम्हाला मधल्या वेळेत बघू. न कळवता दोनदा आला नाहीत तर पुढची वेळ फक्त फोनवर मिळेल. अचानक दुखणं वाढलं तर बुकिंग नको, थेट फोन करा. आमच्याकडून वेळ बदलली तर तुम्हाला हवी ती पुढची वेळ आधी देऊ."

दंड लावलेला नाही. तपासणीच्या फीसाठी दंड वसूल करायला गेलं तर पेशंटच जातो, आणि घरात कोणी आजारी पडलं म्हणून न आलेल्या बाईंकडून पैसे मागायचे कसे. ॲडव्हान्स फक्त तासाभराच्या सिटिंगला घेतो, तोही ठरवतानाच यूपीआयने, आणि आदल्या दिवशी ७ च्या आत कळवलं तर पूर्ण परत किंवा पुढच्या तारखेला धरला जातो. हे तोंडी सांगू नका, पावतीवर लिहून द्या.

चालू करायच्या आधी

इन्कॉग्निटो विंडोत पान उघडून स्वतःच्या दुसऱ्या ईमेलने बुक करा. कॅलेंडरमध्ये फोन नंबर दिसतोय का बघा. मग ईमेलमधून रद्द करा आणि तो स्लॉट पानावर परत आला का बघा. मग ताईंच्या बाजूने नोंद डिलीट करून हेच पुन्हा. हे सगळं एकदा साध्या जुन्या फोनवरही करा, पेशंट तिथूनच करणार आहेत.

लिंक कुठे द्यायची तर काउंटरवर क्यूआर, गूगल मॅपवर क्लिनिकच्या प्रोफाइलमध्ये अपॉइंटमेंट लिंकची जागा असते तिथे, आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या आपोआप जाणाऱ्या ग्रीटिंग मेसेजमध्ये. पहिले दोन आठवडे फक्त काउंटरवरच ठेवा, म्हणजे ओळखीचे पेशंट वापरतील आणि काही अडलं तर समोरच सांगतील. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी सांगितलं की पानावर क्लिनिकचा फोन नंबरच नाही, अडलं तर विचारायचं कुणाला. तो आता वर्णनात सगळ्यात पहिल्या ओळीत आहे.